गायकवाड बाईंच्या हजेरीच्या कविता

गायकवाड बाईंना विचारूनच हे लिहिते आहे. त्या फोनवर म्हणाल्या, "लिहा, पण गोड लिहू नका." मला गोड लिहिता येत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे हातात खुरपं आलं. त्यामुळे जसं दिसलं तसंच लिहीन.

बाई आमच्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा त्या निवृत्त झालेल्या होत्या. सगळी नोकरी लातूरकडे, त्यातली बरीचशी मुरुडला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. नवरा नांदेडला रेल्वेत होता, म्हणून घर इथं बांधलं. घर बांधून झालं आणि नवरा गेला. मुलगा लातूरला. बाई एकट्या. उंच, हडकुळ्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. चालताना डावा खांदा थोडा खाली. सगळं आयुष्य त्या खांद्यावर पिशवी होती म्हणायच्या.

पहिल्या दिवशी नळाला पाणी आलं म्हणून मी त्यांना हाक मारायला गेले. म्हटलं, "बाई, पाणी आलंय."

तर मला विचारतात, "तुमचं पूर्ण नाव काय?"

"गयाबाई."

"पूर्ण."

मी म्हटलं, "पाणी जाईल. नाव कुठं न्हाई जात."

पण त्यांना पूर्ण नाव लागायचंच. स्वतःचं, बापाचं, आडनाव. दूधवाल्याला, घंटागाडीवाल्याला, गॅसच्या टाक्या आणणाऱ्याला, सगळ्यांना त्या हजेरी घेतल्यासारख्या तीन नावांनी हाक मारायच्या. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचं नाव लावायच्या नाहीत. म्हणायच्या, "माझ्या हजेरीत पोरी बापाच्या नावानं होत्या. पुढचं मला माहीत नाही." दुसरी खोड म्हणजे उत्तर पूर्ण वाक्यात हवं. दूधवाल्याला विचारलं, "आज म्हशीचं आणलंस का?" आणि तो "हाव" म्हणाला की बाई भांडं पुढं करायच्या नाहीत. "हाव काय? काय आणलंस?" मग तो बिचारा म्हणायचा, "मी आज म्हशीचं दूध आणलं हाय, बाई." मग भांडं पुढं. तो गल्लीच्या तोंडाशी येऊन आम्हाला म्हणायचा, "एवढं तर माझ्या बायकोलाबी मी कधी बोललो न्हाई."

मी पूर्ण वाक्यात उत्तर देत नसे. त्यावरून आमचं बरीच वर्षं भांडण होतं. भांडण होतं म्हणून रोजचं येणंजाणं होतं.

बाई कविता लिहितात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मला कवितेतलं कळत नाही. पण त्या वाचून दाखवायच्या तेव्हा एवढं दिसलं की फुलं-पाखरं-चांदणं असलं त्यात काही नाही. त्यांच्या वर्गातली पोरं होती. एका कवितेत एक पोरगं. वर शीर्षकाला पोराचं पूर्ण नाव. खाली सात-आठ ओळी. एक पोरगं रोज चपला हातात घेऊन यायचं, झिजतील म्हणून. एक पोरगी पाढे म्हणताना डोळे मिटायची. बाई त्यांना हजेरीच्या कविता म्हणायच्या. कोणाला दाखवायच्या म्हणाल, तर मला. आणि मी वांगी चिरत ऐकायचे.

मग मुलानं टॅब आणला. पाटीएवढा होता. सिमकार्ड घातलेला, नवीन नंबरचा. बाईंचा जुना नंबर बटणाच्या फोनमध्ये होता तो तसाच राहिला. मुलगा एका रविवारी आला, सगळं भराभरा दाखवलं आणि गेला. तो गेल्यावर बाईंनी टॅब उघडला आणि त्यांना काही म्हणता काही येईना. आयुष्यभर शिकवलेल्या बाईला कोणी भराभरा शिकवलं तर राग येणारच. त्या म्हणाल्या, "ह्याला मी शिकवलं तेव्हा 'अ' वर आठ दिवस थांबले होते."

माझी सून अनिता अंगणवाडीत सेविका आहे. लेकरांची वजनं, उंच्या सगळं तिला फोनवर भरावं लागतं, तेही मराठीत. ती चार वाजता घरी यायची. बाई वही-पेन घेऊन तिच्यापुढे पाटावर बसायला लागल्या.

पहिली अडचण बोटाची. बाई खडू दाबतात तसं बोट दाबायच्या. दाबून धरलं की टॅबला वाटतं हिला दुसरंच काही पाहिजे. तो पुसायचं, हलवायचं असलं काहीतरी पुढं करतो. अनिता म्हणायची, "बाई, दाबू नका. टिचकी मारा." बाईंचं बोट कोरडं, तर टिचकी लागायची नाही. मग त्यांनी पान उलटताना करतात तसं बोट जिभेला लावलं. ओल्या बोटानं तर तो अजून बिथरला, एकाला हात लावला की दुसरंच उघडायचं. शेवटी अनितानं त्यांना हाताला जरा खोबरेल लावून, पुसून, मग बसायला सांगितलं. ते चाललं.

दुसरी अडचण लिहायची. बरीच माणसं इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतात. बाईंना ते पटलं नाही. त्यांनी मराठी अक्षरांचा कळफलक लावून घेतला. जोडाक्षर आलं की आधी अक्षर, मग पाय मोडायची खूण, मग पुढचं अक्षर. 'शाळेच्या' एवढं त्या लिहीपर्यंत माझा चहा होऊन जायचा. अनितानं माईकची खूण दाखवली, बोललं की आपोआप लिहितो म्हणून. बाई वर्गात बोलतात तशा दमानं बोलायला लागल्या. दोन शब्द, मग थांबा. थांबलं की माईक बंद व्हायचा. न थांबता बोललं की सगळी कविता एका ओळीत, ना स्वल्पविराम ना काही. आणि मी शेजारून "चहा घ्या" म्हटलं तर तेही कवितेत. बाई म्हणाल्या, "ह्याला कोणाचं ऐकायचं नि कोणाचं नाही, एवढंही कळत नाही." माईक सुटला. त्या बोटानंच लिहायला लागल्या.

व्हॉट्सॲपवर पहिली कविता त्यांनी मुलाला पाठवली. ओळ संपली की खाली जायचं म्हणून बाण असलेली कळ दाबली. मुलानं टॅबमध्ये अशी सोय करून ठेवलेली होती की ती कळ दाबली की निरोप निघून जाईल. झालं. एक ओळ गेली. मग दुसरी. मग तिसरी. मुलगा दुकानात गिऱ्हाइकासमोर बसलेला, फोन टिंग टिंग वाजून राहिला. त्यात तिसरी ओळ होती, "आणि तो पुन्हा उठलाच नाही." त्यानं घाबरून फोन केला, "आई, कोण गेलं?"

बाकावर झोपलेल्या पोराची कविता होती ती.

अनितानं ती सोय बंद करून दिली. मग बाईंनी पद्धत बसवली. आधी टॅबच्या वहीत कविता लिहायची. दोनदा वाचायची. मग बोट दाबून धरायचं, सगळं निवडायचं, नक्कल करायची, व्हॉट्सॲपमध्ये जाऊन पुन्हा बोट दाबून ठेवून चिकटवायची. आता दाबायची सवय कामाला आली.

जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मुरुडहून आले. तिथं बालाजी शिंदे म्हणून त्यांचा विद्यार्थी आहे, खताचं दुकान चालवतो. त्यानं एकाकडून दुसऱ्याचा घेत पुष्कळ नंबर गोळा करून दिले. बाईंनी ते सगळे पूर्ण नावानिशी टॅबमध्ये भरले. त्यात त्यांचे कितीतरी दिवस गेले. मग अनितानं त्यांना ब्रॉडकास्ट शिकवलं. एकदाच लिहायचं, सगळ्यांना वेगवेगळं पोचतं, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. बाईंना हे आवडलं. गलका नको होता.

पहिली कविता पाठवली आणि बाई वाट बघत बसल्या. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसरी कविता गेली, चौथी गेली. बालाजी सोडला तर कोणाचंच उत्तर नाही. बाईंनी जेवण कमी केलं. मला म्हणाल्या, "पोरं मोठी झाली, गयाबाई. त्यांना कशाला पाहिजे मी."

मी म्हटलं, "मग नका पाठवू."

मी समजूत घालत नाही. पण घरी येऊन अनिताला सांगितलं. अनितानं टॅब बघितला आणि कपाळाला हात लावला. "अवो बाई, ब्रॉडकास्टमधलं फक्त त्यालाच पोचतंय, ज्याच्या फोनात तुमचा नंबर सेव्ह हाय. तुम्ही त्यांचा भरला. त्यांनी तुमचा कुठं भरला? हा तर नवाच नंबर हाय." बालाजीनं तेवढा भरला होता. म्हणून त्यालाच गेल्या. बाकीच्यांपुढं एकच टिक होती. म्हणजे निघालंय, पोचलं नाही. बाईंनी ती टिक बरोबरची खूण समजून सोडून दिलेली. वहीवर त्यांनी जन्मभर तीच खूण केली होती.

मग ग्रुप काढला. बाईंनी नाव दिलं, 'हजेरी'. ग्रुपला नंबर सेव्ह लागत नाही. एका दुपारी सगळी पोरं आली. पोरं म्हणजे तिशी-चाळिशीची माणसं. "बाई ओळखलं का", "बाई पाया पडतो", "बाई तुमची छडी आठवते." बाई एकेकाला उत्तर देत बसल्या. जेवायचं भान नाही. आठ दिवस बरे गेले. मग सकाळी सकाळी फुलांचे फोटो आणि शुभ सकाळ. मग कोणाची तरी जमीन विकायची जाहिरात. मग निवडणुकीचं. दोघं जण तिथंच भांडले, आणि बाईंची कविता त्या सगळ्याच्या बुडाशी गेली.

बाईंनी अनिताला विचारलं, "वर्ग गप्प करता येतो का?"

येतो म्हणे. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिननं बोलायचं अशी सोय असते. बाईंनी ती लावली. त्या दिवसापासून कोणाला काही लिहिता येईना. फार तर कवितेवर बोट ठेवून अंगठा किंवा हृदय काढायचं, तेवढंच. बाई खूश झाल्या. "तोंडावर बोट, हाताची घडी," म्हणाल्या. मी म्हटलं, "बोलायला माणसं गोळा केली आणि तोंडं बांधली." त्यांनी ऐकलं नाही. बाईंना वर्ग म्हटलं की असाच माहीत होता.

आठवड्याला एक कविता जायची. एक पोरगं, पूर्ण नाव, सात-आठ ओळी. ज्याच्यावर असेल तो बाईंना वेगळा निरोप पाठवायचा. कोणी रडलेलं तोंड पाठवायचा, कोणी फोन करायचा. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग सोजरची कविता गेली. सोजर हे नाव मी बदललेलं आहे, तिच्या भावाचंही. का ते पुढं कळेल.

कविता अशी होती. बाईंनी ती आता पुसली आहे, पण मला पाठ आहे, आणि सोजरला विचारून मी ती इथं देते आहे:

सोजर ज्ञानोबा शिंदे
"हजर, बाई" म्हणताना
एक हात खिशावर ठेवायची.
खिशात शाळेची खिचडी,
घरी उपाशी धाकटा.
फ्रॉकवरचा हळदीचा डाग
साऱ्या वर्गाला दिसायचा.
मी फळ्याकडे बघायची.

सोजर म्हणजे बालाजीची बहीण. आणि तो धाकटा म्हणजे बालाजी. खतवाला.

बालाजीला काय आनंद झाला. आपल्या बहिणीवर कविता, आपणही त्यात. ग्रुपमध्ये लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं कविता उचलली आणि त्यांच्या पाहुण्यारावळ्यांचा ग्रुप आहे त्यात टाकली. खाली लिहिलं, "माझी ताई. आमच्या बाईंनी लिहिलं." त्या ग्रुपात सोजरचं सासर होतं.

सोजर अर्धापूरजवळ दिलेली. केळीचे बाग, मोठं घर, सासू, दोन जावा. माहेरी एवढे हाल होते हे तिनं तिथं कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगायचं कारणही नव्हतं. कवितेत पूर्ण नाव, बापाचं नाव, खिशातली खिचडी.

त्या संध्याकाळी टॅबवर आलं की सोजर ग्रुपमधून बाहेर पडली. हे फक्त ॲडमिनला दिसतं. बाईंनी तिला वेगळा निरोप पाठवला, "सोजर, काय झालं? मला सांग." एक टिक. दुसऱ्या दिवशीही एकच. आणि सोजरचा हळदीकुंकवाचा फोटो होता त्या जागी नुसता करडा गोल.

बाई टॅब घेऊन आमच्याकडे आल्या. अनिता म्हणाली, "फोन बंद असला तरी एकच टिक पडते, बाई. पण फोटोबी गेलाय." तिनं सोजरचा नंबर स्वतःच्या फोनात भरून बघितला. तिथं फोटो दिसत होता. अनितानं आपला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तिनं तुम्हाला ब्लॉक केलंय."

"म्हणजे?"

"म्हंजे तुम्ही काहीबी पाठवा, तिला जाणारच न्हाई."

मग बालाजीला फोन. तो अडखळत बोलत होता. जाऊ जेवायला वाढताना म्हणाली होती, "सोजरताई, भात लागला तर मागा, खिशात नका नेऊ." सगळे हसले. नवराही हसला. सोजर ताटावरून उठली, आणि तेव्हापासून कोणाशी बोलली नव्हती.

बाईंनी तिथल्या तिथं टॅब उघडला. "पुसता येतं का?"

येतं म्हणे, सगळ्यांच्या फोनातून पुसायची सोय असते, पण दोन दिवस आणि वर काही तासच. ती मुदत अजून संपली नव्हती. बाईंनी कवितेवर बोट दाबून धरलं, सगळ्यांसाठी पुसा असं आलं, पुसली. तिथं नुसतं उरलं की निरोप पुसला आहे. बाईंनी श्वास सोडला. अनिता म्हणाली, "बाई, ही फक्त आपल्या ग्रुपातली गेली. बालाजीनं पुढं पाठवली ती त्याच्या हातची. ती त्यानं पुसली तरी पाहुण्यांनी पुढं पाठवली असंल ती ऱ्हाणारच."

"म्हणजे ती फिरतच राहणार?"

"फिरून राहिली."

बाई म्हणाल्या, "फळा असता तर मी पुसला असता आणि झालं असतं." मग टॅब बंद करून म्हणाल्या, "उद्या अर्धापूरला जाऊ."

"तुम्ही जावा," मी म्हटलं. "मी कशाला?"

"मला एकटीला दारातून परत पाठवतील. दोन म्हाताऱ्यांना पाणी तरी देतील."

हे खरं होतं. म्हणून गेले.

एसटीनं गेलो, फाट्यावरून ऑटो. दोन्हीकडं केळी. घर मोठं, अंगणात ट्रॅक्टर. सासू ओट्यावर बसलेली. बाईंनी नाव सांगितलं, मुरुडची शाळा सांगितली. सासू तोंडभर हसली आणि आत हाक मारली, "ए सोजर, तुझ्या खिचडीवाल्या बाई आल्यात गं!"

बाईंचा चेहरा मी तेव्हा बघितला. छडी स्वतःला लागली की कशी लागते ते त्यांना तिथं कळलं असावं.

सोजर बाहेर आली. तिशी ओलांडलेली, भरल्या अंगाची बाई. पाया पडली, रीत म्हणून. पाणी दिलं. मग म्हणाली, "चला, बाग दाखविते," आणि आम्हाला केळीत घेऊन गेली. घराला ऐकू जाणार नाही इतक्या लांब आल्यावर थांबली.

"बोला, बाई."

"मी कौतुकानं लिहिलं, सोजर."

"हाव. कौतुक तुमचं झालं. लोक म्हणून राहिले, काय बाई हायेत, लेकरांचं किती ध्यानात ठिवलं."

"त्यात काही खोटं लिहिलं नाही मी."

"खोटं असतं तर मी हसले असते की," सोजर म्हणाली. "खरं हाय म्हणून तर तोंडात घास गेला न्हाई माझ्या. मी तेरा वर्षं ह्या घरात मान वर करून ऱ्हायले. कोणाला कळू दिलं न्हाई. आणि तुम्ही बापाच्या नावासकट सांगितलं."

"मी पुसली आहे ग्रुपातून."

"पुसून काय होतंय? माझी मोठी पोरगी शाळेत जाती. तिला तिथल्या पोरांनी दाखविलं."

केळीची पानं वाजत होती. मी जरा बाजूला सरले.

"मला इचारलं का तुम्ही?" सोजर म्हणाली. "फोन नंबर व्हता तुमच्याकडं. एवढंच लिहायचं व्हतं, सोजर, असं असं लिवलंय, टाकू का? न्हाई इचारलं. काहून की तुमच्यासाठी मी अजून चौथीतच हाय. चौथीतल्या पोरीला कोण इचारतंय."

बाई आयुष्यभर दुसऱ्यांकडून पूर्ण वाक्य मागत आल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः दिलं. म्हणाल्या, "सोजर, मी तुला न विचारता तुझ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना वाचायला दिलं. हे माझं चुकलं."

सोजरनं मान हलवली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि नाही केलं असंही म्हणाली नाही. "चला, चहा ठिवते," म्हणाली. चहा प्यालो. सासू अजून दोनदा खिचडीवर बोलली. दुसऱ्यांदा बोलली तेव्हा बाई म्हणाल्या, "खिचडी ती स्वतःसाठी नेत नव्हती, विहीणबाई. स्वतः कमी खाऊन नेत होती. तुमच्या घरात असं कोण आहे?" सासू कप उचलून आत गेली. सोजर जमिनीकडे बघत होती. हे तिला आवडलं की अजून जड गेलं, मला कळलं नाही.

अर्धापूरच्या बाजूला गेलेल्या पाहुण्याला केळीची फणी दिल्याशिवाय कोणी सोडत नाही. आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

त्यानंतर महिनाभर ग्रुपवर काही गेलं नाही. मला वाटलं, कविता संपल्या. गल्लीत लोक विचारायचे, बाईंचं काय बिनसलं, तर मी म्हणायचे, "त्यांनाच विचारा." पण बाई लिहीत होत्या. फक्त पाठवत नव्हत्या. मग एक दिवस त्यांनी नवीन कारभार सुरू केला. कविता लिहून झाली की ती ज्याच्यावर असेल त्याला एकट्याला पाठवायची. खाली लिहायचं, "हे तुझ्यावर आहे. वाच. वर्गापुढे ठेवू का? नको असेल तर नको म्हण. कारण सांगायची गरज नाही." मग दोन निळ्या टिका पडायची वाट बघायची. आणि निळ्या पडल्या तरी उत्तर येईपर्यंत हलायचं नाही.

कोणी नुसता अंगठा पाठवायचा. बाईंना अंगठा चालत नसे. "अंगठा म्हणजे काय? वाचलं, का चालेल?" त्या परत लिहायच्या, "पूर्ण वाक्यात कळव." एक जण पोलिसात आहे, त्यानं कळवलं, "बाई, चड्डीचं तेवढं काढा, बाकी ठेवा." बाईंनी चड्डी काढली, मग कवितेत राहिलं नाही काही, म्हणून पाठवलीच नाही. एका बाईनं लिहिलं, "टाका बाई, नावासकट टाका, माझ्यावर आजवर कोणी काही लिहिलं नाही." कितीतरी जणांनी नको म्हटलं. बाईंना ते लागायचं, मला दिसायचं. चांगली कविता असायची आणि ती टॅबच्या वहीत पडून राहायची. पण त्यांनी एकालाही का म्हणून विचारलं नाही.

ग्रुपचं तोंडही त्यांनी उघडलं. शुभ सकाळ परत आली, जमिनीच्या जाहिराती आल्या. बाईंनी टॅबचा आवाज बंद केला आणि सहन केलं. मला म्हणाल्या, "वर्ग बोलला असता तर त्याच दिवशी कोणीतरी मला सांगितलं असतं, बाई, हे नाव काढा म्हणून."

मी म्हटलं, "मी म्हटलं होतं."

"हो. तुम्ही म्हटलं होतंत."

मागच्या वर्षी बाईंच्या गुडघ्यानं हात टेकले. मुलानं लातूरला न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या आठवड्यात त्या आमच्या ओट्यावर आल्या. टॅब मांडीवर. म्हणाल्या, "गयाबाई, तुमच्यावर एक लिहिलं आहे. वाचू का?"

"न्हाई."

"ऐका तर."

"न्हाई म्हटलं ना."

"पूर्ण वाक्यात सांगा."

इतकी वर्षं मी त्यांना पूर्ण वाक्य दिलं नव्हतं. तेव्हा दिलं. "मला माझ्यावरची कविता नको आहे, आणि ती तुम्ही कोणालाही वाचून दाखवू नका."

बाईंनी माझ्यासमोर टॅब उघडला, कविता पूर्ण निवडली, पुसली. मग म्हणाल्या, "ह्याची एक टोपलीही असते, पुसलेलं तिथं राहतं." टोपली उघडून तिथूनही काढली. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही. अनिता मला म्हणाली, "आई, काय कडक हाव तुम्ही. ऐकायचं तरी." मी म्हटलं, माझं आहे ते माझ्याजवळ राहू दे.

गाडी सकाळी आली. मुलानं सामान भरलं. बाई मागच्या सीटवर, पाय लांब करून, टॅब मांडीवर घेऊन बसल्या. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या, कोणी डोळे पुसत होत्या. मी डबा दिला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मुलानं गाडी चालू केली. तेवढ्यात बाईंनी काच खाली केली आणि टॅब माझ्याकडे फिरवला.

"गयाबाई, बघा. सोजरचा फोटो दिसून राहिला."

करड्या गोलाच्या जागी फोटो आला होता. सोजर आणि तिच्या दोन लेकी, मागं केळी.

"ब्लॉक उघडलं का तिनं?"

"उघडलं."

"मग? काय लिवलं तुम्ही तिला?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. टॅब पालथा घालून त्यांनी त्यावर डबा ठेवला. गाडी निघाली.